दारे-खिडक्या वजा जाता

मुलीचा साखरपुडा घरीच करायचा ठरला आणि दुसऱ्याच दिवशी भिंतींकडे माझे पहिल्यांदा नीट लक्ष गेले. सोफ्याच्या पाठीमागे डोकी टेकून टेकून तेलकट झालेला पट्टा, कॅलेंडरच्या खिळ्याभोवतीची काळी प्रभावळ, बाल्कनीच्या दाराशी पोपडे आलेला कोपरा. आठ वर्षांपूर्वी दिलेल्या पिस्ता रंगाच्या डिस्टेंपरवर हात फिरवला की तळहात पांढरा होत होता. "पाहुणे यायच्या आत रंग झालाच पाहिजे," असे सौ.ने फर्मावले आणि मी एका रंगकामाच्या ठेकेदाराला बोलावले.

गृहस्थ आले, चहा प्यायले, चारही खोल्यांतून एक फेरी मारली. टेप काही त्यांनी खिशातून काढली नाही. "फ्लॅटचा एरिया किती?" एवढेच विचारले. मी करारनाम्यात लिहिलेला आकडा सांगितला, ७२० चौरस फूट. त्यांनी मोबाईलवर बोटे फिरवली आणि म्हणाले, "साडेतीनने गुणायचं. २,५२० फूट रंग. मालासकट १८ रुपये फूट. ४५ हजार ३६० होतात, तुम्ही ४५ द्या." तीनशे साठ रुपयांची ही सूट ऐकून सौ. खूश झाली. मी मात्र त्या साडेतीनपाशीच अडकलो. जमिनीच्या मापावरून भिंतीचे माप कसे काय काढतात? आणि आमच्या घरात जी एवढी दारे-खिडक्या आहेत, त्यांचे काय?

आमच्या लहानपणी वाड्यात दिवाळीच्या आधी चुना व्हायचा तेव्हा कोणी काही मोजत नसे. बादलीत चुनखडी विरवायची, त्यात थोडी नीळ टाकायची आणि कुंचा घेऊन सुटायचे. संपला चुना तर आणखी विरवायचा. चूक झाली तर चार आण्यांची. आता डबा हजारांच्या घरात गेला आहे आणि मजुरी फुटावर आहे. म्हणून एका रविवारी सकाळी मी आणि आमची लेक टेप, वही आणि स्टूल घेऊन हॉलमध्ये उभे राहिलो.

खोलीच्या चार भिंती वेगवेगळ्या मोजून त्यांची बेरीज करता येते. पण सोपा मार्ग म्हणजे चारही भिंतींची लांबी एका सरळ रेषेत मांडल्यासारखी धरायची. आमचा हॉल १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद. दोन लांब भिंती आणि दोन आखूड मिळून घेर झाला ५४ फूट. कागदाचा खोका कापून सपाट पसरावा तशा त्या चार भिंती उलगडल्या, तर ५४ फूट लांबीची एकच भिंत मिळते. आता फक्त तिची उंची हवी.

इथे पहिली चूक माझी झाली. मी टेप जमिनीला टेकवून छतापर्यंत लावली आणि साडेनऊ फूट असे वहीत लिहिले. लेक म्हणाली, "बाबा, खालची सहा इंच फरशी रंगवणार आहात का?" आमच्याकडे जुन्या पद्धतीची सहा इंचांची मोझॅकची स्कर्टिंग आहे, तिला रंग लागत नाही. म्हणजे रंगाची भिंत सुरू होते ती स्कर्टिंगच्या वरच्या कडेपासून, आणि तिथून छतापर्यंतचे अंतर ९ फूट. अर्धा फूट म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण ५४ फूट घेराला अर्ध्या फुटाने गुणले की २७ चौरस फूट होतात, म्हणजे एका मोठ्या दाराएवढे. आणि भिंत स्कर्टिंगच्या वरून मोजली, तर दाराची उंचीही तिथूनच मोजली पाहिजे. सात फुटी दार आपल्या हिशेबात साडेसहा फुटांचे. नाहीतर जी भिंत मोजलीच नाही, तीही आपण वजा करतो.

तर ५४ गुणिले ९, भिंती झाल्या ४८६ चौरस फूट. छत १६ गुणिले ११, म्हणजे १७६. काहीही वजा न करता हॉलचे एकूण ६६२.

मग वजाबाकी. मुख्य दार चौकटीसकट चार फूट रुंद, साडेसहा उंच: २६. बेडरूमचे आणि स्वयंपाकघराकडचे दार प्रत्येकी तीन फूट रुंद: साडेएकोणीस आणि साडेएकोणीस, मिळून ३९. बाल्कनीचे सरकते दार सहा फुटी: तेही ३९. खिडकी चार बाय चार: १६. माप घेताना चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून घ्यायचे, कारण चौकटीला भिंतीचा रंग लागत नाही. या सगळ्यांची बेरीज आली १२०. ४८६ मधून १२० गेले, राहिल्या ३६६ फूट भिंती. छत धरून ५४२. वहीत या आकड्याखाली मी दोन रेघा मारल्या. ठेकेदाराला धडा शिकवायला आता फक्त बाकीच्या खोल्या मोजायच्या उरल्या होत्या.

त्याच संध्याकाळी एक म्हातारे रंगारी, ज्यांनी आमच्या शेजाऱ्यांचे घर रंगवले होते, ते सहज म्हणून आले. मेस्त्री मूळचे बीडकडचे, चाळीस वर्षे पुण्यात कुंचा चालवताहेत. मी मोठ्या तोऱ्यात वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, मग उठून खिडकीपाशी गेले आणि खिडकीच्या आत हात घातला. "सायेब, खिडकी वजा केली, बरोबर. पण ही बाजू कोण रंगवणार?"

आमची बाहेरची भिंत नऊ इंची. खिडकीची चौकट तिच्यात बाहेरच्या अंगाला बसवलेली आहे, त्यामुळे आतून भिंतीची सहा इंच जाडी दोन्ही बाजूंना आणि वर उघडी दिसते. (खाली कडप्पा आहे, त्याला रंग नाही.) ती जाडी मी मोजलीच नव्हती. खिडकीच्या दोन बाजू आणि वरची एक, मिळून १२ फूट लांबीची, अर्धा फूट रुंदीची पट्टी: ६ चौरस फूट. बाल्कनीच्या दाराला तशीच साडेनऊ. म्हणजे वजा केलेल्या १२० फुटांपैकी साडेपंधरा फूट मागच्या दाराने परत आत आले. हॉलचा खरा आकडा ५४२ नव्हे, साडेपाचशे सत्तावन्न.

"आणि हे साडेपंधरा फूट भिंतीच्या पन्नास फुटांएवढं काम मागतात," मेस्त्री म्हणाले. "मोकळ्या भिंतीवर रोलर फिरवला की झालं. इथं चौकटीला रंग न लागता कड काढायची, अरुंद ब्रशनं, स्टुलावर उभं राहून. दार वजा करता तुम्ही, पण दाराभोवतीचं काम वाढतं, कमी नाही होत."

खरे सांगायचे तर तेव्हा मला हे म्हणणे थोडे सोयीस्कर वाटले. म्हणून आमच्याच इमारतीत राहणाऱ्या, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या अप्पांकडे वही घेऊन गेलो. मोजमापाची पुस्तके भरण्यात आणि तपासण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी माझी वही पाहिली आणि हसून म्हणाले, "तू बरोबर मोजलंस, पण असं कुणी मोजत नाही."

बांधकामाच्या मोजमापासाठी आपल्याकडे आयएस १२०० हे भारतीय मानक आहे. त्यात गिलाव्याच्या मोजमापाचा जो नियम आहे, तोच सरकारी कामात रंगालाही सर्वसाधारणपणे लावतात. अप्पांनी तो समजावून सांगितला तेव्हा मला त्यातला व्यवहार कळला. भिंतीतली उघडी जागा अर्ध्या चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांपेक्षा लहान असेल, तर ती वजाच करायची नाही. न्हाणीघराचा झरोका, एक्झॉस्ट पंख्याचे भोक हे सगळे यात आले. त्यांच्या कडा रंगवण्याचे कामही मग वेगळे मोजायचे नाही, फिट्टंफाट. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वाबत्तीस चौरस फुटांपर्यंतची दारे-खिडक्या एकाच बाजूने वजा करायच्या. दोन खोल्यांमधल्या भिंतीतले दार दोन्ही खोल्यांना आहे, पण ते वजा एकाच खोलीतून होते; दुसऱ्या खोलीतली न केलेली वजाबाकी हा कडा-कोपऱ्यांच्या कामाचा मोबदला. भिंतीच्या दोन बाजूंना वेगवेगळे काम असेल, जसे आत इमल्शन आणि बाहेर सिमेंटचा रंग, तर ज्या बाजूला जाडी कमी दिसते त्या बाजूने वजा करायचे आणि दुसऱ्या बाजूने नाही. तीन चौरस मीटरपेक्षा मोठी जागा मात्र दोन्ही बाजूंनी पूर्ण वजा, पण मग तिच्या कडा मोजून परत मिळवायच्या.

आमच्या हॉलला हे लावून पाहिले. मुख्य दाराची चौकट आतल्या अंगाला लागून आहे, तेव्हा ते आतून पूर्ण वजा: २६. आतली दोन दारे दोन-दोन खोल्यांत वाटलेली, म्हणून हॉलच्या वाट्याला एक धरले: साडेएकोणीस. खिडकीची जाडी आत जास्त दिसते, म्हणून आतून काहीच वजा नाही. बाल्कनीचे दार मोठे, ते ३९ वजा आणि कडांचे साडेनऊ परत: साडेएकोणतीस. एकूण वजाबाकी ७५. भिंती आणि छत मिळून ५८७.

एकाच हॉलचे असे तीन आकडे झाले. काहीच वजा न करता ६६२, इंच न् इंच मोजून ५५७, आणि नियमाप्रमाणे ५८७. डबे किती आणायचे ते ५५७ वरून ठरवायचे, कारण रंग लागणार तेवढ्याच भिंतीला. मजुरी मात्र ५८७ वर द्यायची, कारण तीस फुटांचा तो फरक म्हणजे ब्रशने काढलेल्या कडा. हे दोन हिशेब वेगळे आहेत, ही गोष्ट मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळली. भांडणे होतात ती बहुधा इथेच. घरमालक एका आकड्यावर बोलत असतो आणि मेस्त्री दुसऱ्या.

जी दारे आपण भिंतीतून वजा केली ती कुठे नाहीशी होत नाहीत. ती ऑइलपेंटच्या खात्यात पुन्हा उभी राहतात. आमचे बेडरूमचे साधे सपाट दार तीन बाय सात, २१ चौरस फूट. त्याच्या कडा आणि चौकट वेगळ्या मोजत बसू नयेत म्हणून प्रत्येक बाजूला १.२ ने गुणतात. दोन बाजूंचे झाले ५० फुटांच्या वर. पॅनेलचे, नक्षीचे दार असेल तर १.३ ने, कारण त्याचे खाचखळगे जास्त. पूर्ण काचेचे असेल तर ०.८ ने. म्हणजे हॉलच्या भिंतीतून साडेएकोणीस गेले आणि ऑइलपेंटमध्ये ५० आले, तेही वेगळ्या आणि चढ्या दराने! ठेकेदाराने फक्त "सगळं धरून" म्हटले असेल, तर ही दारे त्यात आहेत की नाहीत, हे आधी विचारून घ्यावे. आमच्या ठेकेदाराला विचारले तेव्हा कळले, नव्हती.

आता त्या साडेतीनकडे येतो. घरभर मोजून झाल्यावर, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या टाइल्स, भिंतीतले कपाट, न्हाणीघरातल्या सात फुटी टाइल्स हे सगळे काढून, भिंती आणि छत मिळून खरी जागा आली १,९९२ चौरस फूट. मग मी खोल्यांच्या आतल्या जमिनीची बेरीज केली. ती होती ५४०. करारनाम्यातले ७२० फूट हे भिंतींची जाडी, बाल्कनी, जिन्याचा आणि लॉबीचा वाटा धरून होते. जिना काही मी रंगवणार नव्हतो.

पण गंमत पुढेच आहे. ५४० ला साडेतीनने गुणा. १,८९० येतात. म्हणजे खऱ्या मोजणीपेक्षा शंभर फूट कमी! तोच साडेतीनचा आकडा करारनाम्याच्या क्षेत्राला लावला तर मी बुडतो आणि आतल्या जमिनीला लावला तर मेस्त्री बुडतात.

याचे कारण कागदावर चटकन दिसते. आमचा हॉल १७६ फुटांचा आणि त्याच्या भिंती ४८६ फूट. जमिनीच्या पावणेतीनपटीपेक्षा थोड्या जास्त. आमची लहान बेडरूम दहा बाय दहा, म्हणजे जमीन १०० फूट. तिचा घेर ४० फूट, भिंती ३६०. जमिनीच्या साडेतीनपटीपेक्षाही जास्त, आणि त्यात छत अजून धरलेलेच नाही. खोली लहान होत जाते तशी जमीन भराभर कमी होते, पण भिंती तितक्या कमी होत नाहीत. मोठा हॉल मधे पार्टिशन घालून दोन खोल्या करा, जमीन तेवढीच राहील आणि भिंती मात्र दोन बाजूंनी वाढतील. म्हणून साडेतीनचा आकडा मोठ्या खोल्यांच्या, ऐसपैस घराला जवळपास बसतो आणि पेठेतल्या डबीसारख्या खोल्यांना बसत नाही. नऊ फुटांच्या जागी अकरा फूट उंचीचे जुने छत असेल तर मुळीच नाही. अंदाज म्हणून तो ठीक. त्यावर पैसे ठरवू नयेत.

शेवटी काम मेस्त्रींनाच दिले. अप्पांच्या नियमाने घरभराचे माप आले २,१३२ फूट. मेस्त्री म्हणाले, "एकवीसशे धरा." दर तोच, १८ रुपये, दारांचा ऑइलपेंट वेगळा. ३७ हजार ८०० झाले. पहिल्या ठेकेदाराच्या २,५२० फुटांपेक्षा ७,५६० रुपयांनी कमी. आणि माझ्या वहीतल्या १,९९२ पेक्षा मेस्त्रींना जवळजवळ दोन हजार रुपये जास्त मिळाले. माल मी आणायचा आणि त्याचे पैसे त्यातून वळते करायचे, असे ठरले.

आणि माल आणायला गेलो तेव्हा मी पुन्हा चुकलो.

हॉलच्या भिंतींचा रंग वेगळा होता, फिकट बदामी, आणि छत पांढरे. म्हणून छताचे १७६ फूट बाजूला काढले. उरल्या भिंती ३६६ आणि कडा साडेपंधरा, मिळून ३८२. मेस्त्रींनी सांगितले होते, खरवडून, भोके लांबी भरून बुजवून, प्रायमरचा एक हात आणि इमल्शनचे दोन हात. डब्यावर लिहिले होते, एका लिटरमध्ये १२० ते १४० चौरस फूट. मी मनाशी म्हटले, १२० धरू. ३८२ फूट, दोन हात म्हणजे ७६४ फूट, भागिले १२०, सहा लिटरच्या वर झाले. दुकानदाराकडे डबे मिळतात एक, चार, दहा आणि वीस लिटरचे. चार आणि दोन एकेकचे, असे सहा लिटर मिसळायला मी सांगणार, एवढ्यात लेकीने डब्यावरची बारीक अक्षरे वाचली. १२० ते १४० हे दोन हातांचे माप होते. डब्यावर दोन हात आधीच धरले होते आणि मी ते पुन्हा धरत होतो.

ही चूक फार सहज होते, कारण सगळे डबे एकसारखे बोलत नाहीत. त्याच दुकानात प्रायमरच्या डब्यावरचा आकडा एका हाताचा होता. म्हणून डबा हातात घेतला की पहिल्यांदा पाहायचे ते हे, की लिहिलेले क्षेत्र किती हातांचे आहे. दोन हातांचे असेल तर भिंतीचे क्षेत्र एकदाच भागायचे. एका हाताचे असेल तर जितके हात तितक्या पटीने क्षेत्र वाढवून भागायचे. ३८२ भागिले १२०, म्हणजे तीन लिटर आणि वर दोनशे मिलिलिटर. चार लिटरचा एक डबा पुरला पाहिजे.

"पुरेल?" मी मेस्त्रींना विचारले. ते म्हणाले, "डब्यावरचं माप गुळगुळीत भिंतीचं असतं. आपली भिंत काय पिते ते पहिल्या हाताला कळेल." मग त्यांनी जे केले ते मला सर्वांत आवडले. लांब भिंत, जिच्यात बेडरूमचे दार आहे, ती १६ बाय ९, म्हणजे १४४. दार वजा जाता साडेएकशे चोवीस. तेवढीच भिंत आधी धरली. पाणी घालण्याआधीचा घट्ट रंग एक लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीने मोजून घेतला. डब्यावरचे माप पाणी घालण्याआधीच्या रंगाचे असते, पातळ केलेल्याचे नव्हे, हे इथे लक्षात ठेवायला हवे. पहिल्या हाताला पाऊण लिटर गेला. चार तासांनी दुसरा हात दिला, त्याला अर्धा लिटर. पहिला हात नेहमी जास्त पितो, कारण खरवडलेली भिंत आणि लांबीचे ठिपके, प्रायमर लावूनही, थोडे तहानलेलेच असतात. सव्वा लिटरमध्ये साडेएकशे चोवीस फूट, म्हणजे आमच्या भिंतीचे खरे माप लिटरला १२० नव्हे, १०० फूट. ३८२ फुटांना ३.८ लिटर. डबा चार लिटरचा. जेमतेम, पण पुरणार.

जेमतेमची भीती का, तर रंग यंत्रावर मिसळून मिळतो. तोच क्रमांक सांगून आठवड्याने आणलेल्या दुसऱ्या डब्यात डोळ्याला जाणवेल असा फरक पडू शकतो, आणि तो एकाच भिंतीच्या मध्यावर आला तर पाहुण्यांचे लक्ष साखरपुड्याऐवजी तिकडेच. दोन डबे लागणारच असतील तर ते सुरुवातीलाच एका मोठ्या बादलीत एकत्र ओतावेत. आणि मधेच संपलाच, तर कोपऱ्यापाशी थांबावे. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड वेगळा पडतो, तिथे फरक लपतो.

उलट बाजूचीही एक परीक्षा आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात दोन हातांचे पैसे घेऊन रंग भलताच पुरला. लिटरला जवळपास २५० फूट. घरमालकाला आनंद झाला, डबे उरले म्हणून. आनंद होण्याचे काही कारण नव्हते. रंगात पाणी वाजवीपेक्षा जास्त होते किंवा दुसरा हात दिलाच नव्हता. किती पाणी घालायचे ते डब्यावर लिहिलेले असते. रंग वाळल्यावर संध्याकाळी दिवे मालवून, भिंतीला गाल लावल्यासारखी टॉर्च आडवी धरून पाहिली की जुना रंग जिथे जिथे आतून डोकावतो तिथे ढगासारखे डाग दिसतात. मेस्त्रींनी स्वतःहून दुसराही उपाय केला. दाराच्या मागे, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे प्रायमर वाळल्यावर कागदी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावला. पहिला हात दिल्यावर त्याच्या शेजारी दुसरा. शेवटी दोन्ही काढले. प्रायमरचा पांढरा, एका हाताचा अर्धवट बदामी आणि दोन हातांचा पुरा, असे तीन पट्टे शेजारी शेजारी दिसले. "मोजून घ्या," म्हणाले.

गडद भिंतीवर फिकट रंग द्यायचा असेल तर मात्र दोन हातांचा हिशेब पाळता येत नाही. आमच्या मुलाच्या खोलीत त्याने हौसेने एक भिंत गर्द निळी करून घेतली होती. तिच्यावर पांढरा देताना दुसऱ्या हातानंतरही निळसर झाक राहिली. तिथे तिसरा हात द्यावा लागला आणि त्या एका भिंतीपुरते क्षेत्र दीडपटीने धरले. घरातली एक भिंत गडद करायची फॅशन ज्यांना आवडते त्यांनी हे लक्षात ठेवावे. खर्च रंग देताना होतो त्यापेक्षा तो रंग घालवताना जास्त होतो.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मेस्त्री शेवटचा हिशेब करायला आले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवले. मग चार लिटरच्या डब्याच्या तळाशी उरलेला रंग, असेल दोनशे मिलिलिटर, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गाळून भरला, झाकण घट्ट लावले आणि बरणीवर शेडचा क्रमांक आणि तारीख लिहून ती माळ्यावर ठेवायला दिली. दुसऱ्या दिवशी मुख्य दाराच्या चौकटीच्या वर, आमच्या भावी व्याह्यांच्या देखत, तोरणासाठी कोणीतरी एक भला मोठा खिळा ठोकला. रात्री सगळे निजल्यावर मी स्टुलावर चढलो, खिळा उपटला, भोकात लांबी भरली आणि बरणी उघडली.